क्षपणक शर्करेचे अनुमापन : फेलिंगचे द्रावण, मिथिलीन ब्लू आणि गुळाचा एक नमुना

ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज आणि माल्टोज या शर्करा उकळत्या अल्कधर्मी द्रावणात तांब्याच्या क्षाराचे क्षपण करतात. उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, करत नाही. अन्नपदार्थातील साखरेच्या विश्लेषणाची एक जुनी आणि आजही रोज वापरली जाणारी पद्धत या एका फरकावर उभी आहे. पहिल्या गटाला क्षपणक शर्करा म्हणतात. प्रयोगशाळेतील बोलीत ‘रिड्युसिंग शुगर’. या शर्करांच्या रेणूतले वलय द्रावणात उघडू शकते आणि उघडल्यावर त्याच्या टोकाशी अल्डिहाइड किंवा कीटोन गट मोकळा होतो. फ्रुक्टोज हा कीटोन असूनही या गटात बसतो, कारण अल्कलीत तो आपले रूप बदलून क्षपण करणाऱ्या स्वरूपात येतो. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आपापल्या क्रियाशील टोकांनीच एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे दोन्ही वलये बंद राहतात. आम्लाच्या सान्निध्यात हा जोड तुटला की दोन्ही घटक सुटे होतात. या समभाग मिश्रणाला इन्व्हर्ट शर्करा म्हणतात आणि ती तांब्याचे क्षपण करते. म्हणून एकाच द्रावणाने, आम्लक्रियेआधी एकदा आणि नंतर एकदा असे दोनदा मोजले, तर क्षपणक शर्करा आणि सुक्रोज दोन्ही कळतात.

या कामासाठी लागणारे निळे द्रावण फेलिंगचे म्हणून ओळखले जाते. मोरचुदाच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड टाकले तर निळा चिकट अवक्षेप तळाशी बसतो आणि तांबे अभिक्रियेला नीट मिळत नाही. टार्टरेटचा रेणू मात्र तांब्याला धरून ठेवतो, आणि तीव्र अल्कलीतही तांबे गडद निळ्या रंगात विरघळलेले राहते. तांब्याने साखर ओळखण्याची कल्पना १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॉमर आणि बारेस्विल यांनी मांडली होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फॉन फेलिंग यांनी त्या दशकाच्या अखेरीस तिला परिमाणात्मक रूप दिले, तेही खाद्यपदार्थांसाठी नव्हे तर मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर मोजण्यासाठी.

आज हे द्रावण दोन बाटल्यांत ठेवतात. पहिलीत, म्हणजे ‘ए’मध्ये, लिटरला ६९.२८ ग्रॅम मोरचूद असते. ‘बी’मध्ये लिटरला ३४६ ग्रॅम रोशेल मीठ, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्टरेट, आणि १०० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड असते. दोन्ही आधीच मिसळून ठेवत नाहीत, कारण अल्कलीत टार्टरेट स्वतःच हळूहळू तांब्याचे क्षपण करू लागते. मिसळलेले द्रावण नुसत्या पाण्यासोबत उकळले आणि तळाशी लाल कण दिसले, तर ते जुने झाले असे समजावे. मापनाच्या दृष्टीने दोहोंचे महत्त्व सारखे नाही. तांबे ‘ए’मधून येते, म्हणून ती ५ मिली पिपेटने काटेकोर घ्यावी लागते, ‘बी’ गरजेपेक्षा जास्तच असते, तिथे थोडे इकडेतिकडे चालते.

तापवल्यावर शर्करा दोन धन प्रभाराच्या तांब्याचे एक धन प्रभारात रूपांतर करते आणि विटकरी लाल क्युप्रस ऑक्साइड खाली बसते. शालेय पुस्तकात या अभिक्रियेचे समीकरण असे दिलेले असते, की एका ग्लुकोज रेणूला तांब्याचे दोन अणू लागतात. हे समीकरण खरे मानून हिशेब केला तर काय निघते ते पाहण्यासारखे आहे. ५ मिली ‘ए’मध्ये सुमारे ८८ मिलिग्रॅम तांबे असते. दोनास एक या प्रमाणात ते संपवायला १२५ मिलिग्रॅम ग्लुकोज लागायला हवे. प्रत्यक्षात लागते ५० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक ग्लुकोज रेणू दोन नव्हे, जवळजवळ पाच अणूंचे क्षपण करतो. उकळत्या अल्कलीत शर्करेचा रेणू फक्त एका टोकाशी ऑक्सिडीकृत होऊन थांबत नाही. तो फुटतो, आणि त्याचे तुकडेही तांब्यावर काम करत राहतात. किती तुकडे पडतील आणि ते कुठवर जातील हे अल्कलीची तीव्रता, द्रावणाचे आकारमान, तापण्याचा वेग आणि उकळण्याचा काळ यांवर ठरते.

या पद्धतीचे सगळे नियम, कडक वेळापत्रक आणि कोष्टके यांचे मूळ इथे आहे. आम्ल आणि अल्कलीच्या अनुमापनात सावकाश काम केले तरी उत्तर तेच येते. इथे मात्र सावकाश केलेले अनुमापन आणि झटपट केलेले अनुमापन ही दोन वेगळी मोजमापे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्झ सॉक्सलेट यांनी, ज्यांचे नाव स्निग्धांश काढण्याच्या उपकरणामुळे सगळ्या प्रयोगशाळांत पोचले आहे, शर्करा आणि तांबे यांचे गुणोत्तर सौम्यतेनुसार बदलते हे दाखवून दिले. तेव्हापासून ही पद्धत समीकरणावरून सुटली आणि अनुभवसिद्ध कोष्टकावर आली.

दुसरी अडचण अंत्यबिंदूची होती. तांबे संपत आले की निळा रंग फिका होतो, पण त्याच वेळी द्रावणात लाल गाळ घुसळत असतो. लाल गढुळात शेवटची निळी छटा नेमकी केव्हा गेली हे डोळ्याला समजत नाही. पूर्वीचे विश्लेषक यावर उपाय म्हणून द्रावणाचा थेंब बाहेर काढून, गाळून, आम्लयुक्त पोटॅशियम फेरोसायनाइडशी तपासत. तांबे शिल्लक असेल तर तपकिरी रंग येई. हे करेपर्यंत उकळी थांबे, हवा आत शिरे आणि वर सांगितलेले वेळापत्रक बिघडे. लेन आणि आयनन या इंग्लंडमधील दोन रसायनतज्ज्ञांनी १९२३ मध्ये मिथिलीन ब्लू हा दर्शक थेट शंकुपात्रातच टाकण्याची युक्ती प्रसिद्ध केली आणि हा प्रश्न सुटला. त्यामुळे ही पद्धत आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

मिथिलीन ब्लू हे रंगद्रव्य ऑक्सिडीकृत अवस्थेत निळे आणि क्षपित अवस्थेत रंगहीन असते. द्रावणात तांबे शिल्लक आहे तोवर शर्करा तांब्यावर खर्च होते आणि रंगद्रव्य निळेच राहते. तांबे संपले की पुढच्या एकदोन थेंबांतली शर्करा रंगद्रव्याकडे वळते आणि निळाई एकदम जाते. दर्शकही थोडी शर्करा खातो, म्हणून त्याचे प्रमाण ठरलेले असावे लागते: १ टक्का द्रावणाचे तीन ते पाच थेंब, आणि प्रमाणित करताना जितके टाकले तितकेच नमुन्याच्या वेळी. या दर्शकाची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. रंगहीन झालेले मिथिलीन ब्लू हवेतल्या ऑक्सिजनने लगेच पुन्हा निळे होते. म्हणून अनुमापन चालू असताना उकळी एक क्षणही थांबवायची नाही. शंकुपात्रातून सतत निघणारी वाफच हवेला बाहेर ठेवते. अंत्यबिंदू झाल्यावर ज्योत बंद केली की थोड्या वेळात पृष्ठभागावर निळी कड परत दिसू लागते. ते पाहून आणखी थेंब टाकणारा नवशिका हमखास चुकतो.

प्रत्यक्ष काम दोन फेऱ्यांत होते. शंकुपात्रात ५ मिली ‘ए’ आणि ५ मिली ‘बी’ घेतात आणि शर्करेचे द्रावण ब्युरेटमध्ये भरतात. नेहमीच्या अनुमापनात ज्याचे प्रमाण काढायचे ते बहुधा पात्रात असते. इथे ते वर असते, आणि ज्याची शक्ती माहीत आहे ते तांबे खाली. पहिली फेरी अंदाजाची. ब्युरेटमधून १५ मिली सोडून उकळायचे. निळा रंग ठळक असेल तर थोडे थोडे आणखी सोडत जायचे, रंग फिकट झाला की दर्शक टाकून थेंबाथेंबाने शेवट गाठायचा. समजा २८ मिलीच्या आसपास शेवट आला. दुसऱ्या, खऱ्या फेरीत थंड फेलिंगमध्ये सुरुवातीलाच सुमारे २७ मिली सोडून द्यायचे, म्हणजे अपेक्षित आकड्यापेक्षा अर्धा ते एक मिली कमी. मग तापवून उकळी आणायची, मध्यम उकळीवर बरोबर २ मिनिटे ठेवायचे, पात्र ज्योतीवरून न हलवता दर्शक टाकायचा आणि उकळी फुटल्यापासून ३ मिनिटांच्या आत उरलेले थेंब पुरे करायचे. शेवटच्या एका मिनिटात थेंब सोडून काही सेकंद थांबायचे, उकळीत द्रावण फिरू द्यायचे, मग पुढचा थेंब. निळी झाक जाऊन द्रावण वरपासून खालपर्यंत स्वच्छ विटकरी झाले की वाचन घ्यायचे. खऱ्या फेऱ्या दोन कराव्यात आणि त्यांच्यात ०.१ मिलीपेक्षा जास्त फरक नसावा.

अंदाजाच्या फेरीचा आकडा उत्तर म्हणून नोंदवण्याचा मोह होतो आणि गर्दीच्या प्रयोगशाळांत तो टाळला जात नाही. त्या फेरीत उकळी जास्त काळ चाललेली असते आणि शर्करा टप्प्याटप्प्याने गेलेली असते, त्यामुळे कोष्टकाच्या अटी मोडलेल्या असतात. तो आकडा फक्त पुढच्या फेरीसाठी वापरावा. ब्युरेटबाबतही एक साधी काळजी लागते. सरळ ब्युरेट उकळत्या पात्रावर धरली तर वाफेने तिच्यातले द्रावण तापते, प्रसरण पावते आणि वाचन खोटे होते. म्हणून टोक बाजूला वाकवलेली ब्युरेट वापरतात, जेणेकरून मुख्य नळी ज्योतीच्या रेषेत येत नाही.

पद्धत समजण्यासाठी गुळाइतका बोलका नमुना दुसरा नाही. गुळात सुक्रोज भरपूर असते आणि क्षपणक शर्करा थोडी. ही थोडी शर्कराच गुळाचे भवितव्य ठरवते. तोडलेला ऊस गुऱ्हाळावर पडून राहिला, किंवा रस आम्लधर्मी राहून काहिलीत जास्त वेळ तापला, तर सुक्रोजचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो. फ्रुक्टोज हवेतले पाणी ओढून घेते. असा गूळ घट्ट ढेप धरत नाही, आणि धरली तरी पावसाळ्यात पाघळतो. काकवीत मुद्दामच क्षपणक शर्करा जास्त असते, म्हणून ती घट्ट होत नाही. गुळव्याला हे हाताने कळते. व्यापाऱ्याला आणि तपासणी अधिकाऱ्याला आकडा हवा असतो.

नमुन्याची तयारी हीच गुळाच्या विश्लेषणातली अर्धी लढाई असते. गुळाचे द्रावण तपकिरी आणि गढूळ असते. त्यात प्रथिने, रंगद्रव्ये, आणि मळी काढण्यासाठी वापरलेल्या भेंडीच्या रसाचा चिकट अंशही उरलेला असू शकतो. अशा द्रावणात क्युप्रस ऑक्साइड नीट खाली बसत नाही, कधी लालऐवजी पिवळसर बारीक कणांच्या रूपात तरंगते आणि अंत्यबिंदू झाकून टाकते. म्हणून द्रावणात उदासीन लेड अॅसिटेट घालून ही अशुद्धी खाली बसवतात आणि मग पोटॅशियम ऑक्झलेटने जादा शिसे काढून टाकतात. शिसे उरले तर ते फेलिंगमध्ये अडथळा आणते. ऑक्झलेट गुळाच्या बाबतीत आणखी एका कामी येते. रस स्वच्छ करताना चुना वापरलेला असतो, त्यामुळे गुळात कॅल्शियम असते, आणि कॅल्शियम टार्टरेटशी अवक्षेप करते. ऑक्झलेट तेही बाहेर काढते. लेड अॅसिटेटचा अल्कधर्मी प्रकार मात्र इथे चालत नाही, कारण तो आपल्याबरोबर फ्रुक्टोजही खाली ओढतो. शिसे विषारी असल्याने अनेक प्रयोगशाळांनी आता कॅरेझच्या जोडीकडे, म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड आणि झिंक अॅसिटेट यांच्याकडे, मोर्चा वळवला आहे. फळांचे जॅम आणि दुधाचे पदार्थ यांसाठीही ही जोडी चांगली.

आता नमुन्यादाखल एक हिशेब. आधी फेलिंगची शक्ती पडताळावी लागते. शुद्ध सुक्रोज आम्लाने फोडून, उदासीन करून, मिलीला २.५ मिलिग्रॅम इन्व्हर्ट शर्करा असलेले प्रमाण द्रावण तयार केले. १० मिली मिश्र फेलिंगला ते २०.४ मिली लागले, म्हणजे ५१.० मिलिग्रॅम. लेन आणि आयनन यांच्या कोष्टकात या वाचनासमोर ५०.९ मिलिग्रॅम हा आकडा असतो. फेलिंग जवळजवळ बिनचूक आहे. कोष्टकातल्या प्रत्येक आकड्याला १.००२ ने गुणले की झाले.

गुळाचे १० ग्रॅम घेऊन, स्वच्छ करून, २५० मिलीपर्यंत नेले आणि गाळले. या गाळलेल्या द्रावणातून दोन मोजमापे होतात, आणि सोय म्हणून आम्लक्रियेनंतरचे आधी करणे चांगले. त्यातले २५ मिली, म्हणजे १ ग्रॅम गुळाइतके द्रावण, हायड्रोक्लोरिक आम्ल घालून सुमारे ७० अंश सेल्सियसच्या जलतापकात काही मिनिटे ठेवले. लगेच थंड केले, फिनॉल्फ्थॅलीन टाकून सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन केले आणि ५०० मिली केले. घाई नसेल तर आम्ल घालून खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवणे अधिक सुरक्षित, कारण जास्त तापलेल्या आम्लात फ्रुक्टोज नासते. उदासीन करतानाही बेताने करावे. आम्ल उरले तर ते फेलिंगमधली अल्कली खाते, आणि अल्कली जास्त झाली तर थांबलेल्या द्रावणात शर्करा नासू लागते.

या ५०० मिलीच्या द्रावणाचे १० मिली फेलिंगला २८.० मिली लागले. कोष्टकात २८ मिलीसमोर ५१.४ मिलिग्रॅम असते, दुरुस्तीनंतर ५१.५. म्हणजे मिलीला १.८४ मिलिग्रॅम, आणि ५०० मिलीत ९२० मिलिग्रॅम. हे १ ग्रॅम गुळातून आले, तेव्हा इन्व्हर्ट शर्करेच्या रूपात मोजलेली एकूण शर्करा ९२.० टक्के झाली.

दुसरे मोजमाप आम्लक्रिया न केलेल्या मूळ द्रावणाचे. फेलिंगला ते १६.९ मिली लागले. इथे कोष्टकातला ५०.७ हा सुक्रोजविरहित आकडा सरळ उचलला तर क्षपणक शर्करा ७.५ टक्के निघते. पण ते चूक आहे. या द्रावणात १०० मिलीला ३ ग्रॅमपेक्षा जास्त सुक्रोज आहे आणि उकळत्या अल्कलीत त्याचाही थोडासा अंश तांब्यावर परिणाम करतो. लेन आणि आयनन यांना हे माहीत होते, म्हणून त्यांनी सुक्रोजच्या वेगवेगळ्या प्रमाणांसाठी स्वतंत्र स्तंभ दिले. १०० मिलीला १ ग्रॅम सुक्रोज असेल तर १५ मिलीच्या आसपासच्या वाचनाला ४९.९ मिलिग्रॅम, ५ ग्रॅम असेल तर ४७.६. कोणता आकडा घ्यायचा हे ठरवायला सुक्रोज माहीत हवे, आणि ते पहिल्या मोजमापावरून अंदाजे कळते. म्हणूनच ते आधी केले. ३.२ ग्रॅम सुक्रोजसाठी मधला आकडा ४८.६ येतो, दुरुस्तीनंतर ४८.७. त्यावरून मिलीला २.८८ मिलिग्रॅम, २५० मिलीत ७२० मिलिग्रॅम, आणि १० ग्रॅम गुळात क्षपणक शर्करा ७.२ टक्के.

सुक्रोज काढण्यासाठी ९२.० मधून ७.२ वजा करून ०.९५ ने गुणायचे. हा गुणक यासाठी, की फुटताना सुक्रोज पाण्याचा एक रेणू घेतो. ३४२ भाग सुक्रोजपासून ३६० भाग इन्व्हर्ट शर्करा होते. उत्तर ८०.६ टक्के. भारतीय अन्नमानकांत गुळासाठी कोरड्या वजनावर एकूण शर्करा किमान ९० टक्के आणि सुक्रोज किमान ६० टक्के अशी अट राहिली आहे. या नमुन्यात ओलावा ५ टक्के धरला तर एकूण शर्करा ९६.८ आणि सुक्रोज ८४.८ टक्के होते. गूळ चांगला आहे.

या आकड्यांत चुकीची जागा कुठे आहे हेही हिशेबातच दिसते. ब्युरेटच्या वाचनात ०.१ मिलीची चूक झाली तर क्षपणक शर्करेचा आकडा केवळ ०.०४ ने हलतो, पण एकूण शर्करेचा ०.३ ने, कारण तिथे तीच चूक मोठ्या आकड्यावर पसरते. म्हणून गुळात सुक्रोजचा शेवटचा दशांश फार विश्वासाचा नसतो. सुक्रोजचा स्तंभ विसरल्याने झालेली चूकही ०.३ च्या घरात जाते, आणि ती नेहमी एकाच दिशेने, क्षपणक शर्करा वाढवून दाखवणारी. एखाद्या प्रयोगशाळेचे गुळाचे सगळे अहवाल सतत थोडे वर येत असतील तर पहिली शंका इथे घ्यावी.

वाचन १५ ते ५० मिलीच्या बाहेर गेले तर द्रावण पुन्हा सौम्य किंवा तीव्र करून घ्यावे लागते, कारण कोष्टक तेवढ्याच पट्ट्यात आहे. सौम्यतेचा परिणाम लहान असला तरी एकाच दिशेचा असतो: इन्व्हर्ट शर्करेसाठी १५ मिली वाचनाला ५०.५ मिलिग्रॅम, ३० मिलीला ५१.५. जितके जास्त द्रावण पात्रात जाते तितकी अल्कली सौम्य होते आणि तितकी जास्त शर्करा लागते. साखर उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतींमध्ये यावर सरळ उपाय केलेला आहे. आधीच मोजून पाणी घालायचे आणि प्रत्येक वेळी शेवटचे एकूण आकारमान ७५ मिलीच ठेवायचे. मग सौम्यता बदलत नाही आणि लांब कोष्टकाची गरज उरत नाही. एकाच प्रकारचे नमुने रोज तपासणाऱ्या कारखान्याला ही सुधारित रीत जास्त सोयीची. निरनिराळे पदार्थ येणाऱ्या सार्वजनिक प्रयोगशाळेत मूळ कोष्टकच बरे पडते.

शर्करेनुसारही आकडे बदलतात. त्याच १० मिली फेलिंगला आणि १५ मिलीच्या वाचनाला ग्लुकोज ४९.१ मिलिग्रॅम, फ्रुक्टोज ५२.२, तर लॅक्टोज त्याहून बरेच जास्त लागते. म्हणून अहवालात आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो त्याच्यामागचा शब्दप्रयोग: ‘इन्व्हर्ट शर्करेच्या रूपात’ किंवा ‘ग्लुकोजच्या रूपात’. श्रीखंडात लॅक्टोज असते आणि घातलेल्या साखरेतून फुटलेला थोडा अंशही असू शकतो. तिथे नुसता ‘क्षपणक शर्करा अमुक टक्के’ हा उल्लेख निरर्थक आहे. फळांच्या रसात क जीवनसत्त्व स्वतः क्षपणक असते आणि आकड्यात मिसळते, पण साखरेच्या मानाने ते इतके कमी असते की एरवी त्याची काळजी करावी लागत नाही.

या पद्धतीची खरी मर्यादा मधात उघडी पडते. कारवीच्या फुलोऱ्याचा मध महाबळेश्वरच्या परिसरात अधूनमधूनच मिळतो, कारण सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. त्याची घडण इतर मधांहून वेगळी असते, आणि २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांतही त्याची दखल होती: मधाला क्षपणक शर्करा किमान ६५ टक्के, पण कारवीच्या मधाला ६०, सुक्रोज कमाल ५ टक्के, कारवीला १०. मध गाळून, पाण्यात विरघळवून, फारशी स्वच्छता न करताच या पद्धतीने अर्ध्या तासात तपासता येतो. मात्र फेलिंगचे तांबे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांना वेगळे ओळखत नाही, आणि फुलातली शर्करा व कारखान्यात आम्लाने फोडलेली शर्करा यांतही भेद करत नाही. इन्व्हर्ट सिरप घातलेला मध या परीक्षेत ताठ मानेने उत्तीर्ण होतो. भेसळ ओळखायची असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगवेगळे मोजणारे द्रव-वर्णलेखन आणि कार्बनच्या समस्थानिकांची तपासणी लागते. गुळासाठी, काकवीसाठी, जॅम आणि सरबतांसाठी मात्र एक ब्युरेट, एक ज्योत, घड्याळ आणि दोन बाटल्या एवढ्यावर मिळणारा हा आकडा अजूनही पुरेसा विश्वासार्ह आहे. अट एवढीच की उकळी थांबता कामा नये आणि तीन मिनिटे म्हणजे तीनच मिनिटे.